कप अँड हँडलचा ब्रेकआउट पुन्हा पुन्हा फसतोय? कप कुठून मोजला ते आधी तपासा

लक्षणं बहुतेकांच्या बाबतीत सारखीच असतात. चार्टवर भाव पडून, तळ करून पुन्हा जुन्या उंचीजवळ येतो तो कप सुबक दिसतो, उजवीकडे छोट्या घसरणीचं हँडलही तयार होतं. भाव हँडलच्या वर निघतो, तुम्ही घेता, एक-दोन दिवस बरे जातात आणि आठवड्याच्या आत शेअर पुन्हा हँडलमध्ये घुसतो. मग स्टॉपलॉस लागतो. असं एखाद्या वेळी झालं तर तो धंद्याचा भाग म्हणून सोडून द्यावं. पण लागोपाठ होत असेल, आणि तेही बाजार आधीच घसरलेला असताना, तर दोष बहुधा नशिबाचा नसतो. तुम्ही जो कप पाहताय तो पडत्या भावामधली एक उसळी असते, आणि मोजमाप चुकीच्या जागेवरून केल्यामुळे ती नियमात बसलेली दिसते.

हा पॅटर्न लोकप्रिय केला अमेरिकी गुंतवणूकदार विल्यम ओ'नील यांनी, १९८८ च्या पुस्तकातून. त्यांचे आकडे आज सगळीकडे फिरतात: कपाची खोली साधारण १२ ते ३३ टक्के, कालावधी ७ ते ६५ आठवडे, त्यातले बहुतेक कप ३ ते ६ महिन्यांचे, आणि आधी किमान ३० टक्क्यांची तेजी. आकडे बरोबर आहेत. ते कुठून कुठपर्यंत मोजायचे आणि कधी सैल सोडायचे, इथे गाडी अडते. म्हणून पुढे नवे नियम सांगत नाही. फसलेल्या व्यवहाराची चिरफाड कशी करायची आणि नेमकी चूक कुठे सापडते, तेवढंच सांगतो.

पहिली तपासणी: डावा काठ खरंच काठ आहे का

सर्वांत जास्त वेळा सापडणारा बिघाड हाच. कपाची खोली आधीच्या तेजीच्या खऱ्या शिखरापासून मोजायची असते. पण घसरणारा शेअर सरळ रेषेत पडत नाही. तो पडतो, थोडा उसळतो, पुन्हा पडतो. ही मधली उसळी जिथे संपते तो चार्टवर छान डोंगरमाथा दिसतो आणि डोळा त्यालाच डावा काठ समजतो. खरं शिखर त्याच्याही डावीकडे, अनेकदा स्क्रीनच्या बाहेर असतं.

स्कॅनर, म्हणजे नियमात बसणारे शेअर शोधून देणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांना तर हे जास्तच बाधतं. स्कॅनरमध्ये मागचे तीन किंवा चार महिने एवढीच खिडकी ठेवली असेल, तर त्याआधीचं शिखर त्याला दिसतच नाही. खिडकीतला सर्वांत वरचा भाव तो काठ म्हणून घेतो आणि तुम्हाला ३० टक्के खोलीचा 'नियमात बसणारा' कप काढून देतो. त्या बिचाऱ्याने त्याचं काम चोख केलेलं असतं.

उपाय सोपा आहे. कोणताही कप पाहिला की साप्ताहिक चार्ट उघडा आणि किमान दोन वर्षं मागे जा. ज्या शिखरापासून घसरण सुरू झाली ते शोधा. तुम्ही धरलेला डावा काठ त्याच्यापेक्षा चांगलाच खाली असेल, तर तो काठ नव्हे, घसरणीतला एक टप्पा आहे. खरं शिखर घेऊन सगळी मोजणी पुन्हा करा. चार आकडे एका तक्त्यात टाकले की काम होतं: B1 मध्ये खरं शिखर, B2 मध्ये तळ, B3 मध्ये हँडलचा वरचा भाव, B4 मध्ये हँडलचा खालचा भाव.

```
कपाची खोली %   =(B1-B2)/B1*100
कपाचा मध्य     =(B1+B2)/2
हँडलची खोली %  =(B3-B4)/B3*100
हँडलचा मध्य    =(B3+B4)/2
```

हँडलचा मध्य कपाच्या मध्याच्या वर हवा. हँडलचा तळसुद्धा वर असेल तर उत्तम. काठ चुकीचा धरला की कपाचा मध्यही आपोआप खाली सरकतो आणि हँडल ऐटीत वरच्या अर्ध्यात बसलेलं दिसतं. म्हणजे एक चूक दोन तपासण्या पास करून देते.

एक छोटी गोष्ट इथेच उरकतो. शेअरचं विभाजन झालं असेल किंवा बोनस मिळाला असेल आणि चार्टमध्ये भाव त्याप्रमाणे बदललेले नसतील, तर मोजमापाला काही अर्थ राहत नाही. एका दिवसात भाव अर्धा झालेला दिसला तर आधी तेवढं बघून घ्या.

एक उदाहरण, आकड्यांसह

आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण असा शेअर प्रत्येक मंदीत सापडतो. त्याला 'क' म्हणू.

'क' २५० वरून ४०० पर्यंत चढला. तिथून बाजार फिरला. तीन आठवड्यांत भाव ३१० वर आला, मग दोन आठवडे उसळून ३४५ वर गेला, आणि तिथून पाच आठवडे घसरत २३५ वर. याच काळात निर्देशांक १०,००० वरून ८,१०० वर, म्हणजे १९ टक्के पडला. त्यानंतर बाजारात जोरदार उसळी आली. तीन आठवड्यांत निर्देशांक ११ टक्के चढून ८,९९० वर गेला आणि 'क' २३५ वरून ३४२ वर. चार दिवस भाव थोडा दबला, ३१२ ला टेकला आणि पुन्हा वर निघाला.

आता ३४५ ला डावा काठ धरणाऱ्याला काय दिसतं? खोली ३२ टक्के, म्हणजे मर्यादेत. काळ आठ आठवडे, सातपेक्षा जास्त. हँडलची खोली ९ टक्क्यांच्या आत, तीही छान. कपाचा मध्य २९०, हँडलचा मध्य ३२७, भरपूर वर. सगळ्या रकान्यांत टिकमार्क.

खरं शिखर ४०० धरलं की चित्र बदलतं. खोली ४१ टक्के होते. कपाचा मध्य ३१७.५ वर जातो, आणि हँडलचा तळ ३१२ त्याच्या खाली येतो. हँडलचा मध्य ३२७ अजून वर आहे, पण काठावर पास झाल्यासारखा. हँडल चार दिवसांचं, जिथे किमान एक-दोन आठवडे अपेक्षित असतात. शिवाय २०० दिवसांचा मूव्हिंग अ‍ॅव्हरेज ३५२ वर आहे आणि खाली झुकतोय, म्हणजे ब्रेकआउट झाला तरी दहा पावलांवर भिंत उभी.

पुढे जे व्हायचं तेच झालं. ३४३ ला ब्रेकआउट, दिवसाचा उच्चांक ३५१, बंद भाव ३४९. व्हॉल्यूम ५० दिवसांच्या सरासरीपेक्षा फक्त १५ टक्के जास्त, जिथे ४०-५० टक्के तरी हवा असतो. चार सत्रांत भाव ३२८ वर परत. पुढच्या आठवड्यात ३१७ चा स्टॉपलॉस लागला, साधारण साडेसात टक्के नुकसान, आणि मग हँडलचा तळही तुटला. त्यानंतर शेअर २५१ पर्यंत गेला.

यात भाव नेमका ३५० च्या जवळ का अडला, हे समजून घेतलं तर पुढच्या वेळी नियम पाठ करावे लागत नाहीत. ३४५ ते ४०० या पट्ट्यात ज्यांनी घेतलं ते दोन-तीन महिने अडकलेले आहेत. त्यांनी २३५ चा भाव पाहिलाय. त्यांना नफा नकोय, मुद्दल सुटलं तरी पुरे आहे. भाव त्यांच्या खरेदीजवळ आला की ते विकतात. शिवाय तळाला घेणाऱ्यांच्या हातात तीन आठवड्यांत ४५ टक्के नफा आहे, त्यांनाही तो घरी न्यायचाय. दोन्ही बाजूंनी माल येतो, आणि तो उचलायला मोठा खरेदीदार नसेल तर भाव टिकत नाही. सरासरीपेक्षा जेमतेम १५ टक्के जास्त व्हॉल्यूमचा अर्थ तोच: मोठा खरेदीदार आलाच नाही.

खोलीची मर्यादा ३३ टक्क्यांच्या आसपासच का

ही मर्यादा आकाशातून पडलेली नाही, साधं गणित आहे. शेअर २५ टक्के पडला तर पूर्वीच्या भावाला येण्यासाठी ३३ टक्के चढावा लागतो. ३३ टक्के पडला तर ५० टक्के. निम्म्यावर आला तर थेट दुप्पट व्हावा लागतो. म्हणजे खोल कपाचा ब्रेकआउट होतो तेव्हा शेअर आधीच एक मोठी दौड मारून दमलेला असतो. नव्याने धावायला त्याच्यात किती उरलं असेल?

दुसऱ्या टोकालाही मर्यादा आहे. १२ टक्क्यांपेक्षा उथळ असेल तर तो कप राहत नाही. शेअर आडवा चाललाय इतकंच, आणि त्याचे नियम वेगळे. मंदीत असा शेअर दिसला तर तो उलट जास्त लक्ष देण्यासारखा असतो, पण तो आजचा विषय नाही.

आता मुख्य अडचणीकडे येतो. 'मंदीत खोल कप चालतो' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते खरं आहे. बाजार मोठा पडला तर चांगले शेअरही ४० ते ५० टक्के पडतात आणि तरी त्यातून यशस्वी कप तयार होतात. ओ'नील यांचा अंदाज असा की वाढीचे, म्हणजे वेगाने वाढणाऱ्या कंपन्यांचे शेअर सामान्य घसरणीत निर्देशांकाच्या दीड ते अडीच पट पडतात. निर्देशांक २० टक्के पडला तर शेअर ३० ते ५० टक्के पडणं हा त्या शेअरचा दोष मानू नये.

पण ही सवलत कुणासाठी आहे ते नीट पाहायला हवं. बाजाराने तळ केला, तो फिरला, आणि त्यानंतर ज्या कपांचा ब्रेकआउट झाला त्यांच्यासाठी ती आहे. मंदी चालू असताना, मधल्या उसळीत जे कप उभे राहतात त्यांना ती लावायची नसते. लोक नेमकं तेच करतात. मंदी आहे, म्हणून खोल कप चालेल, म्हणून घ्या. खरं तर मंदी अजून चालू असेल तर खोलीचा नियम घट्ट करायला हवा. त्या काळात ३० टक्क्यांच्या आत राहिलेला शेअर ठळक उठून दिसतो, आणि बाजार फिरल्यावर पुढे धावणाऱ्यांत असे शेअर बरेच असतात.

आपल्या 'क' चं गुणोत्तर काढलं तर ४१ भागिले १९, म्हणजे २.२ च्या आसपास. अडीचच्या आत. या एका तपासणीत तो पास होतो! म्हणून एकट्या गुणोत्तरावर विसंबू नका. ते फक्त एवढंच सांगतं की शेअर अपवादात्मक वाईट पडलेला नाही. तो चांगला आहे असं ते सांगत नाही.

कप शेअरचा आहे की बाजाराचा

कमजोर बाजारात खोटे कप एकेकटे येत नाहीत, घाऊक येतात. एखाद्या आठवड्यात स्कॅनर नेहमीच्या पाच-सात नावांऐवजी चाळीस नावं देऊ लागला, तर आनंद मानू नका. निर्देशांक पडला आणि उसळला की त्याचाच आकार कपासारखा होतो आणि त्याच्या मागे वाहणारा प्रत्येक शेअर तोच आकार गिरवतो. अशा शेअरच्या चार्टवर तुम्ही शेअर पाहत नसता, निर्देशांकच थोडा ताणून पाहत असता.

ओळखायचं कसं? दोन गोष्टी बघा.

पहिली, तळाचा आठवडा. शेअरचा तळ आणि निर्देशांकाचा तळ एकाच आठवड्यात आला असेल तर उजवी बाजू बाजाराने उचललेली असण्याची शक्यता मोठी. खऱ्या मजबूत शेअरमध्ये अनेकदा तळ आधी येतो. निर्देशांक शेवटचा नीचांक करत असताना तो शेअर मागच्या तळाच्या वरच थांबतो. कुणीतरी शांतपणे गोळा करत असल्याची ती खूण.

दुसरी, सापेक्ष ताकद. शेअरच्या भावाला निर्देशांकाने भागा आणि ती रेषा काढा. बहुतेक चार्टिंग अ‍ॅपमध्ये दोन नावांमध्ये भागाकाराचं चिन्ह टाकलं की ती मिळते. लक्षात घ्या, हा आरएसआय नव्हे. नावं सारखी असल्याने बराच गोंधळ होतो. आरएसआय शेअरची तुलना त्याच्याच मागच्या हालचालीशी करतो, आपल्याला बाजाराशी तुलना हवी आहे.

'क' शिखरावर असताना ४०० भागिले १०,०००, म्हणजे ०.०४००. उजव्या काठावर ३४२ भागिले ८,९९०, म्हणजे ०.०३८०. रेषा जुन्या उंचीच्या खालीच आहे. इतकी उसळी घेऊनही हा शेअर बाजाराच्या तुलनेत मागेच राहिला.

याच बाजारातला दुसरा शेअर घेऊ, 'ख'. तो १८० वरून ३०० वर गेला होता. बाजार पडला तसा तोही पडला, पण सात आठवड्यांत २१९ पर्यंत, म्हणजे २७ टक्के. हा तळ निर्देशांकाच्या तळाच्या तीन आठवडे आधीचा. निर्देशांक ८,१०० वर गेला त्या आठवड्यात 'ख' २२८ वर होता, आपल्या तळाच्या वर. मग उसळीत तो २९१ वर गेला. शिखरावर त्याची रेषा ३०० भागिले १०,०००, म्हणजे ०.०३००. आता २९१ भागिले ८,९९०, म्हणजे ०.०३२४. भाव अजून जुन्या शिखराच्या खाली, पण सापेक्ष रेषा नव्या उंचीवर. असा शेअर यादीत सर्वांत वर लिहायचा.

आठवड्याचे दोन आकडे भागायला दोन मिनिटं लागतात. कमजोर बाजारात माझ्या मते ही तपासणी खोलीच्या नियमापेक्षाही जास्त कचरा बाहेर काढते.

कालावधी: आठवडे मोजताना काय चुकतं

कालावधी मोजायचा तो घसरणीच्या पहिल्या आठवड्यापासून, तळापासून नव्हे. आणि इथेही डावा काठ चुकला की आकडा चुकतो. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती दोन बाजूंमधली विभागणी. 'क' ने खोट्या कपात पाच आठवडे खाली आणि तीन आठवडे वर घालवले, तळाशी जवळजवळ थांबलाच नाही. आकार इंग्रजी व्ही अक्षरासारखा. एकूण आठ आठवडे भरले म्हणून नियम पाळला गेला, पण नियमामागचं कारण पाळलं गेलं नाही.

काळ का लागतो? अडकलेल्या लोकांना कंटाळून बाहेर पडायला वेळ लागतो म्हणून. तळाशी भाव काही आठवडे नुसता रेंगाळतो, व्हॉल्यूम आटतो, बातम्याही बंद होतात, तेव्हा एकेक जण तोटा सोसून निघून जातो आणि शेअर धीर असलेल्यांच्या हातात जातो. व्ही आकारात ही सफाई होतच नाही. डावीकडे अडकलेले सगळे उजवीकडेही तिथेच, जसेच्या तसे असतात. म्हणून तळाचा गोलावा हा दिसण्याचा प्रश्न नाही.

व्ही आकाराचे काही शेअर चालतात, हेही खरं. पण ते बहुतेक वेळा मजबूत तेजीत, जेव्हा विकणाऱ्यापेक्षा घेणारे कितीतरी जास्त असतात. कमजोर बाजारात ही चैन परवडत नाही. तिथे व्ही आकार दिसला तर मी हँडल लांबण्याची वाट बघतो. तळाशी न झालेली सफाई कधी कधी तीन-चार आठवड्यांच्या हँडलमध्ये होते.

हेच पाच किंवा पंधरा मिनिटांच्या चार्टवर लावणाऱ्यांसाठी: तिथे कपासारखा आकार येतो, पण वर सांगितलेलं आठवड्यांचं कारण तिथे लागू होत नाही. त्यामुळे हे आकडे तिथे वापरून निष्कर्ष काढू नका.

हँडल कशासाठी असतं, आणि खोटं हँडल

उजव्या काठावर पोचल्यावर घाबरट लोकांना शेवटचं हलवून बाहेर काढणं, हे हँडलचं काम. त्यासाठी भाव थोडा खाली यायला हवा. हँडलमधल्या एखाद्या आधीच्या दिवसाचा नीचांक तुटायला हवा, म्हणजे तिथे लावलेले स्टॉपलॉस निघतात. आणि हे होताना व्हॉल्यूम आटायला हवा, कारण आता विकायला कोणी उरलेलं नाही हेच त्यातून कळतं. सामान्य बाजारात हँडल ८ ते १२ टक्क्यांपेक्षा खोल गेलं तर शंका घ्यावी. मोठ्या मंदीच्या तळाजवळ थोडं जास्त चालतं.

खोट्या हँडलचे दोन प्रकार कमजोर बाजारात पुन्हा पुन्हा दिसतात. एकात हँडलचे नीचांक दररोज थोडे वर सरकत जातात. दिसायला हे मजबूत वाटतं, 'बघा, पडतच नाही'. पण कोणी हललंच नाही तर सफाई कशी होणार? अशा ब्रेकआउटला वर जाताच विक्री भेटते. दुसऱ्या प्रकारात भाव खाली झुकतो खरा, पण लाल दिवसांना व्हॉल्यूम हिरव्या दिवसांपेक्षा जास्त असतो. मोठे लोक उसळीचा फायदा घेऊन माल काढताहेत, एवढाच त्याचा अर्थ. हँडलमधले लाल आणि हिरवे दिवस वेगळे करून त्यांच्या व्हॉल्यूमची सरासरी काढली की हे लगेच उघडं पडतं.

सगळं बरोबर आहे, तरी फसतं

असंही होतं. 'ख' सारखा शेअर, मोजमाप चोख, तरी ब्रेकआउट टिकत नाही. तेव्हा उत्तर शेअरमध्ये शोधू नका. निर्देशांक अजून फिरलेला नाही, इतकंच कारण असतं. बाजार खाली ओढत असताना चांगल्यातला चांगला ब्रेकआउटही बऱ्याचदा मागे येतो.

बाजार फिरल्याची खूण म्हणून ओ'नील यांची पद्धत मला अजूनही सर्वांत वापरण्यासारखी वाटते. निर्देशांकाने नवा नीचांक केल्यानंतर उसळीचा पहिला दिवस धरायचा. तो नीचांक तुटला नाही, तर चौथ्या दिवसापासून पुढे एखाद्या दिवशी निर्देशांक ठळकपणे, सव्वा टक्का किंवा जास्त, आणि आदल्या दिवसापेक्षा मोठ्या व्हॉल्यूमने चढतो का ते बघायचं. चढला तर थोडी खरेदी सुरू करता येते. ही खूणसुद्धा अनेकदा फसते, म्हणून एकदम सगळी रक्कम घालायची नाही. पण ती आलीच नसेल तर कपाचे ब्रेकआउट घेण्याची घाई कशाला?

आपल्या उदाहरणात पुढे असं झालं. निर्देशांक ८,९९० वरून पुन्हा खाली आला, पण ८,३०० ला थांबला, जुना नीचांक ८,१०० टिकला. या घसरणीत 'क' २५१ वर गेला ते वर आलंच आहे. 'ख' ने २९१ ओलांडलाच नव्हता. तो २६२ पर्यंत आला, म्हणजे उजव्या काठापासून १० टक्के खाली, आणि कपाचा मध्य २५९.५ त्याने तोडला नाही. दोन आठवड्यांचं वाटलेलं हँडल सहा आठवड्यांचं झालं. मग निर्देशांकाने खूण दिली आणि त्यानंतर 'ख' २९१ च्या वर, सरासरीपेक्षा ६० टक्के जास्त व्हॉल्यूमने निघाला. हँडल तयार होताच, २९१ येण्याआधीच घाईने घेतलेल्यांना मधल्या घसरणीत स्टॉपलॉस लागला असता. पिव्हटची, म्हणजे हँडलचा वरचा भाव ओलांडला जाण्याची, वाट पाहणाऱ्याला काहीच करावं लागलं नाही.

पिव्हटच्या ५ टक्के वर गेलेला भाव पकडायला धावू नका, हे कमजोर बाजारात दुप्पट लागू. २९१ च्या पिव्हटला ही मर्यादा ३०५ च्या आसपास येते. त्यापुढे घेतलं तर साधी परतीची झुळूकही तुमचा स्टॉपलॉस उडवते.

आधीच घेतला असेल तर

ब्रेकआउटनंतर भाव पिव्हटपर्यंत परत येणं हे स्वतःहून अपयश नाही. ते नेहमी होतं. परत येताना व्हॉल्यूम कमी असेल आणि बंद भाव हँडलच्या मध्याच्या वर असेल, तर थांबायला हरकत नाही. परत येताना व्हॉल्यूम ब्रेकआउटच्या दिवसापेक्षा मोठा असेल, तर स्टॉपलॉसची वाट न बघता निदान अर्धा माल कमी करावा. हँडलच्या तळाखाली बंद झाला की पॅटर्न संपला. खरेदीपासून ७-८ टक्के नुकसान आधी आलं तर तिथेच बाहेर.

आणि बाहेर पडल्यावर तो शेअर यादीतून खोडून टाकू नका. हँडल मोडलं तरी कप मोडलेला नसतो, जोवर भाव कपाच्या मध्याच्या वर आहे. कधी कधी तिथेच दुसरं, जास्त लांब हँडल तयार होतं आणि तेच खरं निघतं. मात्र त्यासाठी पिव्हट नव्याने काढायचा, व्हॉल्यूम नव्याने तपासायचा, आणि सापेक्ष रेषा या काळात वर गेली की खाली ते बघायचं. भाव मध्याच्या खाली गेला तर जुना कप विसरायचा. तिथून पुढे जे काही तयार होईल त्याची खोली पुन्हा मूळ शिखरापासूनच मोजायची, मधल्या कुठल्या उसळीपासून नाही, आणि हँडलचे आठवडेही नव्या उजव्या काठापासून मोजायचे.